उतारा न वाचताच बरोबर आलेली उत्तरं: पाचवीच्या वाचन-चाचणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रायगड जिल्ह्यातल्या एका केंद्रात आम्ही पाच शिक्षकांनी मिळून पाचवीसाठी वाचनाची एक छोटी चाचणी तयार केली. केंद्रातल्या काही शाळा खाडीकाठच्या, तर काही डोंगराकडच्या वाड्यांवरच्या आहेत. कोणती मुलं मजकूर समजून वाचतात आणि कुणाला अजून हात द्यावा लागेल, एवढंच आम्हाला पाहायचं होतं. शिष्यवृत्तीच्या पेपराची सवय व्हावी म्हणून प्रश्नांचा साचाही तसाच ठेवला: एक उतारा, त्यावर बारा प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय.

उतारा मीच लिहिला. सुमन नावाची मुलगी सुट्टीत मालतीआत्याच्या मिठागरावर जाते, अशी गोष्ट होती. तिचा मधला भाग सुमनच्याच तोंडून असा:

"दुपारी अचानक आभाळ भरून आलं. वाफ्यांत आठवडाभराचं मीठ पांढरंशुभ्र दिसत होतं. मी फावडं उचललं, पण आत्या बांधाकडे धावली. तिथं महिनाभर ओढून ठेवलेल्या मिठाची रास उघडीच होती."

आपल्या परिसरातला विषय, सोपी भाषा आणि थोडी घालमेल, त्यामुळे सगळ्यांना उतारा आवडला. प्रश्न आम्ही एका बैठकीत वाटून घेऊन काढले.

अडचण कुठे दिसली

पेपर तपासताना एका खाडीकाठच्या शाळेतल्या बाईंना एक गोष्ट खटकली. त्यांच्या वर्गातला एक मुलगा अजून अक्षर-अक्षर जोडत वाचतो. ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात त्याच्या लक्षात राहत नाही. त्याला बारापैकी नऊ गुण पडले होते. डोंगराकडच्या शाळेतली एक मुलगी मात्र घडाघडा वाचते, वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगते, आणि तिला सातच.

बाईंनी त्या मुलाला जवळ बसवून विचारलं, "हे सगळं वाचलंस का रे?" तो अगदी सरळपणे म्हणाला, "नाय बाई, आमचंच आगर आहे ना. मला माहीतच होतं."

त्यानं लबाडी केली नव्हती. प्रश्न विचारला, उत्तर ठाऊक होतं, त्यानं ते दिलं. पण त्या नऊ गुणांच्या भरवशावर त्याला "वाचता येतं" या गटात टाकलं असतं, तर वर्षभर त्याच्याकडे कुणी फिरकलं नसतं. ही गोष्ट मला फार लागली, कारण ज्याच्यासाठी चाचणी काढली तोच मुलगा तिच्यातून निसटत होता.

कोणते मार्ग समोर होते

पहिला मार्ग सोपा होता. आम्ही पाच जणांनीच प्रश्न पुन्हा वाचायचे आणि उताऱ्याविना सुटणारे वेगळे काढायचे. तो आम्ही करून पाहिला. सगळ्यांचं एकमत फक्त दोन प्रश्नांवर झालं. "मीठ कशापासून तयार होते?" आणि "मिठागराचे काम पावसाळ्यात का बंद असते?" हे ते दोन. बाकीचे दहा आम्हाला ठीक वाटले. पुढे कळलं की आणखी चार प्रश्न तितकेच कच्चे होते. ते आम्हाला का दिसले नाहीत, याचं कारण साधं आहे. उतारा आमच्या डोक्यात पक्का बसला होता. एकदा उत्तर माहीत झालं की ते माहीत नसलेल्या माणसाला प्रश्न कसा दिसेल, हे कल्पनेनं ठरवणं फार अवघड जातं.

दुसरा मार्ग विषयच बदलण्याचा होता. एका सरांचं म्हणणं होतं, "मिठागर नकोच. कुणालाच माहीत नसलेलं काहीतरी काल्पनिक घेऊ." यावर बराच वाद झाला. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. वाचणारा माणूस आधीच्या माहितीच्या आधारानंच वाचतो. ती पूर्णपणे काढून घेतली तर जे उरतं ते वाचन राहत नाही. विषय माहितीचा असायला हरकत नाही, फक्त त्या माहितीवर भागता कामा नये, ही मर्यादा आम्ही ठरवली.

तिसरा मार्ग म्हणजे उतारा न देता नुसते प्रश्न मुलांपुढे ठेवायचे आणि काय होतं ते पाहायचं. एका सहकाऱ्याला हे विचित्र वाटलं. "मोठ्या परीक्षांत असं कुणी करतं का?" त्यांनी विचारलं. मोठ्या परीक्षांवर नेमकं हेच करून पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या महाविद्यालय-प्रवेशाच्या एसएटी परीक्षेचे आकलनाचे प्रश्न स्टुअर्ट कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना उताऱ्याविना सोडवायला दिले होते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विद्यार्थ्यांची बरोबर उत्तरं नुसत्या नशिबानं येतील त्याहून बरीच जास्त निघाली. २००६ मध्ये जॅनिस कीनन आणि रेबेका बेट्जमन यांनी मुलांच्या वाचनाची एक प्रचलित चाचणी तशीच तपासली, तेव्हा तिथंही बऱ्याच प्रश्नांना उताऱ्याची गरज नव्हती. हे ऐकल्यावर बैठक तिसऱ्या मार्गावर आली.

काय केलं

आमच्या केंद्रातल्या मुलांनी पेपर आधीच पाहिला होता, म्हणून शेजारच्या केंद्रातल्या दोन शाळा घेतल्या. एक खाडीकाठची, एक डोंगराकडची. प्रत्येकीतली पाचवीची तीस मुलं. हजेरीत ज्यांचा क्रमांक विषम होता त्यांना उतारा आणि प्रश्न दिले, सम क्रमांकांना फक्त प्रश्न. म्हणजे तीस मुलं उताऱ्यासह आणि तीस उताऱ्याविना. आधी उताऱ्याविना आणि मग उतारा देऊन अशी एकाच मुलाकडून दोनदा उत्तरं घ्यायची, असाही विचार झाला होता. पण एकदा खूण केलेलं उत्तर मुलं सहसा बदलत नाहीत, म्हणून तो सोडला.

उताऱ्याविना बसलेल्यांना आधी नीट सांगायला हवं होतं, ते पहिल्या शाळेत पुरेसं सांगितलं गेलं नाही. एक मुलगी पान उलटून-पालटून पाहत रडकुंडीला आली, "बाई, माझा धडा हरवला." दुसऱ्या शाळेत आम्ही फळ्यावरच लिहिलं: हा पेपर नाही, गुण नाहीत, उतारा मुद्दाम दिलेला नाही, जे बरोबर वाटेल त्यावर खूण करा, एकही प्रश्न सोडू नका. शेवटची सूचना महत्त्वाची आहे. मुलांनी प्रश्न कोरे सोडले तर आकड्यांचा अर्थच लागत नाही.

चार पर्याय असताना डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी चारात एक बरोबर येतं. म्हणजे बारा प्रश्नांत तीन, आणि एका प्रश्नाला तीस मुलांत सात-आठ. तीसपैकी तेरा किंवा जास्त मुलांनी उताऱ्याविना बरोबर उत्तर दिलं तर तो प्रश्न संशयित, अशी रेघ आम्ही आधीच आखली. नुसत्या नशिबानं तेरापर्यंत जाणं शंभरात दोन-तीनदाच घडतं.

उताऱ्याविना बसलेल्या मुलांची सरासरी बारापैकी ५.४ आली. खाडीकाठच्या शाळेत ५.८, डोंगराकडच्या शाळेत ५. सहा प्रश्नांनी रेघ ओलांडली. उरलेल्या सहांतला प्रत्येक प्रश्न तीसपैकी सरासरी सातच्या आसपास मुलांना आला, म्हणजे तिथं खरोखरच अंदाज चालला होता.

सहा प्रश्न, पाच वेगवेगळी कारणं

यातला सगळ्यात उपयोगी भाग आकड्यांतून आला नाही. उत्तरपत्रिका गोळा केल्यावर बाईंनी आठ-दहा मुलांना एकेक करून विचारलं, "हे कसं ओळखलंस?" मुलांनी जे सांगितलं त्यातून आमचे दोष उघडे पडले.

पहिले दोन प्रश्न सामान्य माहितीचे होते, ते आम्ही ओळखलेच होते. मीठ कशापासून होतं, हे तीसपैकी सत्तावीस मुलांना माहीत होतं. उतारा मिळालेल्यांत ते एकोणतीस जणांना आलं. उताऱ्यानं तिथं काहीच भर घातली नव्हती. पावसाळ्याचा प्रश्न एकवीस जणांना आला.

तिसरा प्रश्न होता, "सुमनला आत्याबद्दल काय वाटत होते?" पर्याय: राग, तिरस्कार, आदर, भीती. बावीस मुलांनी उतारा न पाहता "आदर" निवडलं. एक मुलगा म्हणाला, "पेपरात आत्या वाईट नसते." त्याचं निरीक्षण अचूक आहे. आपल्या पेपरांत सद्गुणाचा पर्याय जवळजवळ नेहमी बरोबर असतो, आणि मुलं हा नियम वाचायला शिकण्याआधी शिकतात. पाच शिक्षकांपैकी एकालाही हे दिसलं नव्हतं, कारण आम्हीही त्याच सवयीनं पेपर काढतो.

चौथा, "आत्याने सुमनला वाफ्यात का उतरू दिले नाही?" तीन पर्याय एकेका शब्दाचे होते: रागामुळे, कंटाळ्यामुळे, उशीर झाल्यामुळे. चौथा होता, "खाऱ्या पाण्याने पायांना भेगा पडून जखमा चिघळतात म्हणून". सोळा मुलांनी तोच घेतला. "बाकीचे छोटे छोटे आहेत," एक मुलगी म्हणाली, "हाच नीट लिहिलाय." बरोबर उत्तर लिहिताना आपण ते कुणाला खटकू नये म्हणून नेमकं आणि भरगच्च करतो, चुकीचे पर्याय मात्र घाईत उरकतो. लांबीच उत्तर सांगून टाकते.

पुढचा दोष फार बारीक होता. दहावा प्रश्न होता, "ढग आल्यावर आत्याने आधी काय केले?" उत्तर, राशीवर ताडपत्री घातली. प्रश्न चांगला होता, कारण हातचं मीठ आधी गोळा करावं असं कुणालाही वाटतं आणि आत्या तसं करत नाही. तरी सतरा जणांना आला. कारण सहाव्या प्रश्नाची सुरुवातच होती, "राशीवर ताडपत्री घातल्यानंतर आत्याने कोणाला हाक मारली?" दोन प्रश्न दोन शिक्षकांनी काढले होते आणि जोडल्यावर पेपर कुणी सलग वाचला नव्हता.

आणि शेवटचा, "उधाण म्हणजे काय?" एकूण आकडा पंधरा. पण शाळेप्रमाणे वेगळा केल्यावर खाडीकाठच्या पंधरांपैकी अकरा मुलांना तो आला, डोंगराकडच्या पंधरांपैकी चार जणांना. चार म्हणजे निव्वळ अंदाज. एकाच प्रश्नानं एका शाळेत घरची बोली तपासली आणि दुसऱ्या शाळेत काहीच तपासलं नाही, कारण उताऱ्यात त्या शब्दाचा अर्थ लागेल असा एकही धागा मी ठेवला नव्हता. गटाची एकच सरासरी काढून थांबलो असतो तर हे कधीच दिसलं नसतं.

पहिली दुरुस्ती, आणि ती का फसली

उत्साहात आम्ही कच्चे प्रश्न काढून टाकले आणि आठवडाभरात नवे घातले. वाफे किती होते? ताडपत्री कोणत्या रंगाची होती? सुमन कोणत्या वारी आली? उताऱ्याविना हे कुणालाही येणार नाहीत, याची खात्री होती.

मग बाईंनी ते प्रश्न त्याच मुलाला दिले, जो अक्षर-अक्षर जोडून वाचतो. यावेळी उतारा समोर होता. त्यानं प्रश्नातला "ताडपत्री" शब्द बोटानं उताऱ्यात शोधला, शेजारचा शब्द पाहिला आणि खूण केली. सगळे बरोबर. नंतर विचारलं, "आत्यानं ताडपत्री कशाला घातली?" तो गप्प.

या प्रकरणातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच वळण. प्रश्नाला उतारा लागतो एवढ्यानं तो आकलनाचा ठरत नाही. उतारा डोळ्यांपुढे हवा, पण समजायला नको, असेही प्रश्न असतात. सामान्य ज्ञान टाळायला गेलं की पेपर हमखास याच बाजूला घसरतो, कारण आकडे, रंग आणि वार ही उताऱ्याविना न कळणारी सर्वांत सोपी सामग्री असते.

म्हणून दुसरी चाळणी लावली. प्रश्नातलाच एखादा शब्द उताऱ्यात शोधून त्याच ओळीत उत्तर मिळत असेल तर प्रश्न बाद. उत्तरासाठी निदान दोन वेगळी वाक्यं जोडावी लागली पाहिजेत.

दुसरी दुरुस्ती

या वेळी प्रश्नांबरोबर उताराही बदलला. उत्तर सर्वसाधारण अपेक्षेच्या उलट जाईल अशा जागा मुद्दाम तयार केल्या. आदराचा प्रश्न असा झाला: "रास झाकताना सुमनला आत्याचा राग का आला?" उताऱ्यात सुमननं सकाळपासून जो वाफा साफ केला होता तोच पावसात विरघळतो, पण राग आणि वाफा ही दोन वाक्यं चार ओळी दूर आहेत. इथं सद्गुणाच्या पर्यायाचा आधार राहिला नाही, आणि मिठागर पाहिलेल्या मुलालाही सुमनच्या मनातलं घरून माहीत असणं शक्य नव्हतं.

सामान्य माहितीच्या दोन प्रश्नांऐवजी कारणाचा एक घातला: "आत्याने वाफ्यातले मीठ सोडून रास का वाचवली?" वाफ्यात आठवड्याचं आणि राशीत महिन्याचं मीठ, हे दोन तुकडे जोडले तरच तो सुटतो. चारही पर्याय आम्ही शब्द मोजून जवळपास सारख्या लांबीचे केले. सहाव्या प्रश्नातली ताडपत्री काढली, दहावा तसाच राहिला. "उधाण" शब्द उताऱ्यात ठेवला, पण त्यावर प्रश्न ठेवला नाही. त्याच्या पुढच्याच वाक्यात पाणी बांधाच्या कडेपर्यंत चढल्याचं लिहिलं, म्हणजे डोंगराकडची मुलं अडखळणार नाहीत.

एक प्रश्न वेगळ्याच कारणानं बाद झाला. "आत्याच्या निर्णयाचा सर्वात महत्त्वाचा परिणाम कोणता?" हा उताऱ्याविना तीसपैकी सातांना आला होता, म्हणून आम्ही तो चांगला समजलो होतो. पण उतारा वाचूनही तो फक्त नऊ जणांना आला. पर्यायांत "रास वाचली" आणि "वाफ्यातले मीठ गेले" ही दोन्ही उत्तरं बरोबर म्हणता येतील अशी होती. तुलनेसाठी पेपरातला पाचवा प्रश्न पाहा: उताऱ्याविना सहा, उताऱ्यासह चोवीस. असा फरक पडला तरच प्रश्न काम करतो आहे असं म्हणता येतं. उताऱ्याविनाचा कमी आकडा एकटा काही सिद्ध करत नाही.

उत्तरसूचीही तपासली. बारापैकी सहा बरोबर उत्तरं "क" वर होती, अगदी नकळत. ती पांगवली.

निष्पत्ती

सुधारलेल्या प्रश्नांची संख्या पुन्हा बारा केली आणि तिसऱ्या केंद्रातल्या छप्पन्न मुलांवर चाचणी घेतली, अर्धी उताऱ्यासह, अर्धी उताऱ्याविना. उताऱ्याविना सरासरी ३.६, उताऱ्यासह ७.४. तीनच्या जवळ आलो होतो, तीनवर नाही. पर्याय वाचून थोडंफार ताडता येणारच.

नशिबाचा भाग मात्र प्रश्न सुधारून संपत नाही. नुसते अंदाज करणाऱ्या शंभर मुलांत सुमारे पाच जणांना बारापैकी सहा किंवा जास्त गुण पडतातच. "सहाला पास" ठेवलं तर दरवर्षी एखादं न वाचणारं मूल पुढे सरकणार. यासाठी आम्ही दोन गोष्टी केल्या. चार प्रश्नांखाली सूचना घातली: "ज्या वाक्यांवरून उत्तर ठरवले त्यांच्याखाली उताऱ्यात रेघ मारा." बरोबर पर्याय आणि भलतीच रेघ असेल तर बाई त्या मुलाला जवळ बसवून पाच मिनिटं बोलतात. आणि पाच ते सात गुणांमधल्या प्रत्येक मुलाकडून परिच्छेद मोठ्यानं वाचून घेऊन तो स्वतःच्या शब्दांत सांगायला लावतात.

तो मुलगा नव्या उताऱ्यावर चार गुणांवर आला. त्याला रोज अर्धा तास वेगळं वाचन सुरू झालं. डोंगराकडच्या मुलीला दहा.

आता वेगळं काय करू

"हे कसं ओळखलंस?" हा प्रश्न मी सगळ्यात आधी, पाच-सहा मुलांनाच विचारीन, तीस मुलांची जुळवाजुळव करण्याआधी. सहापैकी चार दोष तेवढ्यात सापडले असते आणि एक फेरी वाचली असती.

तीस मुलांचा आकडा लहान आहे, हेही लक्षात ठेवीन. बारा प्रश्न तपासले की त्यातला एखादा निर्दोष प्रश्नसुद्धा योगायोगानं तेराची रेघ ओलांडू शकतो. शाळेप्रमाणे पंधरा-पंधराचे गट केल्यावर तर फक्त "उधाण" सारखा ठसठशीत फरकच विश्वासानं वाचता येतो. एक-दोन मुलांच्या फरकावरून आम्ही सुरुवातीला जे तर्क लढवले ते सोडून द्यायला हवे होते.

पेपर जोडून झाल्यावर तो सलग वाचण्याचं काम प्रश्न न काढलेल्या एका माणसाकडे देईन.

पुढच्या सत्राचा उतारा मोहाची फुलं वेचण्यावर आहे. या वेळी माहितीचं पारडं डोंगराकडच्या मुलांकडे झुकेल. नुसत्या प्रश्नांची पानं दोन्हीकडच्या शाळांत दिवाळीनंतर जातील आणि आकडे पहिल्यापासूनच शाळेप्रमाणे वेगळे मांडले जातील.